अंगठा, डोळे आणि हिरवी खूण: ऑफिसच्या चॅटमध्ये इमोजीचे नियम ठरवताना

दहा-बारा जणांच्या टीमचं एक चॅनल आहे. सकाळी सपोर्टकडून मेसेज येतो: "नाशिकच्या ग्राहकाचे 4,350 रुपये दोनदा कापले गेलेत. एक रक्कम परत करायची आहे." अर्ध्या तासात त्यावर चार अंगठे जमतात. संध्याकाळी ग्राहकाचा पुन्हा फोन, कारण पैसे कोणीच पाठवलेले नसतात. चौघांना विचारलं तर चौघांचंही म्हणणं खरं निघतं. एकाने "वाचलं" म्हणून अंगठा दिला होता. अकाउंट्समधल्या ताईंनी "हो, परत करायलाच हवेत" म्हणून दिला. मॅनेजरने "करून टाका" या अर्थाने दिला. आणि चौथ्याने आधीचे तीन अंगठे बघून, कोणीतरी काम घेतलेलं दिसतंय, असं समजून दिला.

वाचलं, पटलं, मंजूर आहे, मी करतो आणि झालं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. चॅटमध्ये त्या सगळ्या एकाच अंगठ्यावर ढकलल्या जातात आणि काम मधल्यामध्ये राहतं. टीममध्ये नव्याने आलेल्यांचे तर फार हाल होतात. जुन्या माणसांना सवयीने कळतं की अमुक सरांचा अंगठा म्हणजे होकार आणि तमुक मॅडमचा अंगठा म्हणजे फक्त पोच. नवीन माणसाला ते कोणी सांगत नाही.

कुठल्या इमोजीचा काय अर्थ, याचे नियम बसवायला एक दुपार पुरते. मी इथे स्लॅक हे ऑफिसच्या चॅटचं अ‍ॅप डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे, कारण इमोजीवरून मेसेज शोधायची सोय तिथे चांगली आहे आणि नियमांचा अर्धा उपयोग त्या शोधण्यातच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चालणाऱ्या ऑफिसांसाठी काय बदलावं लागतं ते पुढे येईल.

पहिली पायरी: एकच चॅनल निवडा आणि मागे वाचत जा

सगळ्या कंपनीसाठी नियम करायला जाऊ नका. जिथे लोक एकमेकांकडे कामं मागतात असं एकच चॅनल घ्या: सपोर्टच्या तक्रारी, डिझाइनच्या मागण्या, सर्व्हरच्या अडचणी, काहीही. वाढदिवसाच्या आणि गप्पांच्या चॅनलला हे नियम अजिबात लावायचे नाहीत. कोणी घरच्या दुःखाची बातमी कळवली आणि त्यावर सवयीने हिरवी खूण पडली, तर ते फार बोचतं.

निवडलेल्या चॅनलमधले मागच्या दोन आठवड्यांचे मेसेज वाचा. प्रत्येक मागणीपाशी थांबून एकच प्रश्न विचारा: नुसत्या रिअ‍ॅक्शन बघून हे काम कोणाकडे आहे आणि झालं की नाही, हे मला सांगता येतं का? जिथे सांगता येत नाही ते मेसेज बाजूला काढा. त्यातले तीन-चार नमुने पुढे टीमला दाखवायचे आहेत. "आपल्याकडे फार गोंधळ आहे" असं मोघम सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि विसरतात. त्यांचाच मेसेज समोर ठेवला की चर्चा मुद्द्यावर येते.

वाचताना अजून एक गोष्ट टिपा. तुमच्या टीममध्ये आधीपासून कुठल्या इमोजी चालतात? आपल्याकडे 🙏 हमखास सापडेल. ती कुठे आभार असते, कुठे विनंती, कुठे "समजलं सर", कुठे माफी आणि कुठे श्रद्धांजली. एवढे अर्थ आधीच चिकटलेले असल्यामुळे ती नियमांतून बाहेर ठेवलेली बरी. लोकांनी ती जरूर वापरावी, पण तिच्यावरून कामाचा काहीही अर्थ काढायचा नाही.

दुसरी पायरी: चार अर्थ, चार खुणा

अर्थ आधी ठरवा, चित्र नंतर. कामाच्या चॅनलला चार अर्थ पुरतात: वाचलं, माझ्याकडे आहे, मंजूर, झालं. कोणीतरी उत्साहाने सुचवेल की "अडलंय" आणि "पुढच्या आठवड्यात" यांनाही एकेक इमोजी देऊ. देऊ नका. अडलेलं काम शब्दांत सांगावं लागतं, कारण कशामुळे अडलं हेच त्यात महत्त्वाचं असतं. आक्षेपाचंही तसंच. नुसती लाल फुली मारून गेलेल्या माणसाचं म्हणणं काय आहे, हे बाकीच्यांनी कसं ओळखायचं?

आता एकेक खूण बघू.

👍 म्हणजे वाचलं, समजलं. एवढंच. होकार नाही, मंजुरी नाही, काम घेतल्याची कबुली नाही. अंगठ्याला इतका हलका अर्थ देण्यामागे कारण आहे. लोकांचं बोट सगळ्यात आधी तिथेच जातं, न विचार करता. जी खूण बेसावधपणे पडते तिच्यावर जड अर्थ लादला, तर चुकून पडलेला प्रत्येक अंगठा महागात जातो. हलका अर्थ असेल तर चुकून पडलेल्या अंगठ्याने काही बिघडत नाही.

हे किती महाग पडू शकतं याचा दाखला कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात आहे. मार्च 2021 मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने एका शेतकऱ्याला 86 टन जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि कराराला दुजोरा द्या असं लिहिलं. उत्तरात त्याने 👍 पाठवला. नोव्हेंबरमध्ये माल द्यायचा होता. तोवर जवसाचे भाव खूप चढले आणि माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठा म्हणजे करार मिळाल्याची फक्त पोच. कंपनीचं म्हणणं होतं की तो होकार होता. जून 2023 मध्ये कोर्टाने त्या अंगठ्याला सहीइतकंच मोल दिलं आणि सुमारे 82,000 कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. डिसेंबर 2024 मध्ये वरच्या कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. या दोघांमध्ये पूर्वी असेच मोबाइलवरून, "ओके" इतक्याच उत्तरांवर व्यवहार झाले होते आणि त्या वेळी माल पोचला होता, ही गोष्ट निकालात मोलाची ठरली. म्हणजे खुणेचा अर्थ चित्रात नसतो, त्या दोघांमध्ये पडलेल्या पायंड्यात असतो. ऑफिसमध्येही पायंडा आपोआप पडतोच. तो समजून-उमजून पाडायचा आहे.

👀 म्हणजे हे काम माझ्याकडे आहे. या खुणेवरून वाद होईल, कारण डोळे म्हणजे "बघितलं" असं कोणालाही वाटू शकतं. तरी मी हीच सुचवतो. स्लॅकमध्ये मेसेजवर माउस नेला की ज्या तयार रिअ‍ॅक्शन समोर येतात त्यांत ✅, 👀 आणि 🙌 असतात, आणि डोळ्यांचा अर्थ तिथे "बघतोय" असा, म्हणजे काम हातात घेतल्याचाच दिलेला आहे. सॉफ्टवेअरच्या बऱ्याच कंपन्यांमध्ये हीच पद्धत असल्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि "नुसतं बघितलं" म्हणायला आपण अंगठा मोकळा ठेवलाच आहे. ज्या टीमला हा गोंधळ तरीही नको असेल त्यांनी 🛠️ घ्यावी. 🙋 मात्र टाळा. तिच्यात बाई, पुरुष, त्वचेचे रंग असे बरेच प्रकार येतात आणि एका अर्थाला एकच चित्र राहत नाही.

डोळे एका मेसेजवर एकाच माणसाचे. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा आहे. इमोजीशेजारी 2 हा आकडा दिसला की काम कोणाचंच नाही असं धरा. दुसऱ्याने नाव बघावं आणि आपले डोळे काढून घ्यावेत. दोघं मिळून करणार असतील तर तसं थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच मेसेजखालच्या उत्तरांत, लिहावं, पण डोळे जबाबदार असलेल्या एकाचेच ठेवावेत. आणि हे फक्त स्वतःसाठी लावायचे असतात. दुसऱ्यावर काम टाकायचं तर त्याचं नाव घेऊन लिहायचं. मग त्याने स्वतः डोळे लावले की काम त्याच्याकडे गेलं, तोवर नाही.

✅ म्हणजे झालं. ज्याने काम केलं त्याने लावायची, आणि काम खरोखर तपासून झाल्यावर. इथे एक बारीक खाच आहे. इमोजीच्या यादीत ✅, ✔️ आणि ☑️ शेजारीशेजारी दिसतात, पण स्लॅकच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची नावं `:white_check_mark:`, `:heavy_check_mark:` आणि `:ballot_box_with_check:` अशी आहेत. एकीचा शोध घेतला तर बाकीच्या दोन सापडत नाहीत. म्हणून नियमात चित्रासोबत नावही लिहा. मेसेजखाली लिहायच्या जागेत `+:white_check_mark:` असं टाइप करून पाठवलं, तर सर्वांत शेवटच्या मेसेजवर ती रिअ‍ॅक्शन लागते. बोटांना ही सवय लागली की चूक होत नाही.

राहिली मंजुरी. तिच्यावर वेगळं बोलायला हवं.

तिसरी पायरी: मंजुरीची खूण कोणाची, आणि कुठवर

मंजुरीला तयार इमोजी वापरू नका. तिच्यासाठी स्वतःची बनवा: चौकोनी चित्र, पारदर्शक किंवा एकरंगी पार्श्वभूमी, त्यावर ठळक अक्षरांत "मंजूर". फाइल 128 केबीपेक्षा लहान ठेवायची. इमोजीच्या खिडकीत खाली 'Add Emoji' असतं, तिथून ती चढवायची आणि नाव द्यायचं, समजा `:manjur:`. काही कंपन्यांत हा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे असतो, तर त्यांना सांगायचं. जपानी ऑफिसांत अशा अक्षरांच्या इमोजी सर्रास वापरतात. त्यांच्या लिपीत दोन अक्षरांत शब्द बसतो. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा बारीक आकारात पुसट होतात, त्यामुळे चार-पाच अक्षरांपलीकडे जाऊ नये आणि डार्क मोडमध्येही ती वाचता येते ना हे तपासून घ्यावं. नाव विचारपूर्वक द्या, कारण स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सहकाऱ्याला चित्र दिसत नाही, त्याला नावच ऐकू येतं. याच कारणासाठी लाल-हिरव्या गोळ्यांवर अर्थ बेतू नयेत. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी ते दोन्ही सारखेच.

ही खूण कोणाची ग्राह्य धरायची ते नावानिशी लिहून ठेवा. इमोजी कोणीही लावू शकतो, स्लॅक अडवत नाही. म्हणून नियम असा हवा: अमुक दोघांपैकी एकाची असेल तरच ती मंजुरी, बाकी कोणाची असली तर ती नाहीच असं समजायचं.

पैसा, ग्राहकाला दिलेला शब्द, सुट्टी आणि कोणाच्याही नोकरीशी संबंध असलेली गोष्ट यांना नुसती इमोजी पुरत नाही. तिथे मंजुरी शब्दांतच द्यायची, आणि कशाला देतो आहोत ते त्यात लिहायचं. यामागे एक तांत्रिक कारण आहे, जे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मेसेज लिहिणारा तो नंतर बदलू शकतो आणि रिअ‍ॅक्शन जशीच्या तशी राहते. 4,350 च्या मेसेजवर मंजुरी मिळाली आणि नंतर कोणी आकडा दुरुस्त करून 43,500 केला, तर मंजुरीची खूण 43,500 वर जाऊन बसते. मेसेज बदलल्याची छोटी नोंद शेजारी दिसते, पण आधी काय होतं ते वाचणाऱ्याला दिसत नाही. "4,350 रुपये परत करायला मंजुरी" असं थ्रेडमध्ये लिहिलं की ही वाट बंद होते.

वरिष्ठांशी हे आधी एकट्यात बोलून घ्या. आपल्या ऑफिसांत साहेबांनी अंगठा दिला म्हणजे हो झालं, असं धरून लोक कामाला लागतात. साहेबांनी गाडीत बसता बसता "वाचलं" म्हणून दिलेला असतो. आपला अंगठा यापुढे होकार धरला जाणार नाही, हे त्यांनी स्वतः चॅनलवर सांगितलं तरच ते टिकतं. दुसऱ्या बाजूला नव्या मुलांना सरांच्या मेसेजवर नुसता अंगठा देणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून ती "ओके सर", "नोटेड मॅडम" लिहीत राहतात आणि मुद्द्याचा मेसेज त्या पोचपावत्यांखाली दबतो. तिथेही सरांनीच "अंगठा चालेल, तेवढंच हवं आहे" असं म्हणायला हवं. नियम लिहिणाऱ्याने कितीही सांगितलं तरी ही भीड वरून सुटावी लागते.

चौथी पायरी: नियम लिहा, पिन करा

नियम एका मेसेजात मावला पाहिजे. हा नमुना उचलून आपल्यापुरता बदला:

```
या चॅनलवर:
👍 वाचलं, समजलं. (होकार नाही.)
👀 काम माझ्याकडे. एका मेसेजवर एकाचेच.
✅ झालं, तपासलं. काम करणाऱ्यानेच लावायची.
:manjur: मंजूर. फक्त टीम लीड आणि अकाउंट्स हेड.
पैसा, ग्राहकाला शब्द, अडचण, आक्षेप: थ्रेडमध्ये शब्दांत.
एका मेसेजमध्ये एकच काम मागा.
```

शेवटची ओळ वगळू नका. एका मेसेजमध्ये तीन कामं मागितली आणि त्यावर ✅ पडली, तर कुठलं झालं? इमोजी आख्ख्या मेसेजवर बसते, वाक्यावर नाही. तीन कामं असतील तर तीन मेसेज.

हा मेसेज पिन करा आणि चॅनलच्या टॉपिकमध्ये एका ओळीत सार लिहा: "👍 वाचलं · 👀 माझ्याकडे · ✅ झालं". टॉपिक वरच दिसतो, त्यामुळे पिन उघडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. प्रत्येकाने स्लॅकच्या प्रेफरन्सेसमध्ये 'Messages & media' या भागात जाऊन एका क्लिकच्या रिअ‍ॅक्शन म्हणून 👍, 👀 आणि ✅ ठेवाव्यात. खूण शोधायला लागली की लोक हाताशी असेल ती लावतात.

एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नाशिकच्या ग्राहकाचंच काम आता नियमाने करून बघू.

10:40 ला सपोर्टकडून मेसेज येतो. त्यात ऑर्डरचा नंबर, रक्कम आणि "आज संध्याकाळपर्यंत हवं" एवढं आहे. दोघं-तिघं 👍 देतात, त्याचा अर्थ त्यांना माहिती मिळाली. 10:55 ला अकाउंट्समधल्या ताई 👀 लावतात. आता सपोर्टला फोन आला तर ग्राहकाला सांगता येतं की काम कोणाकडे आहे. ताई बँकेचा तपशील बघतात, रक्कम खरंच दोनदा जमा झालेली दिसते, आणि त्या थ्रेडमध्ये अकाउंट्स हेडचं नाव घेऊन लिहितात: "दोनदा जमा झालेत, 4,350 परत करायला मंजुरी हवी." नाव घेऊन लिहिणं इथे गरजेचं आहे, कारण नुसत्या इमोजीने हेडना काहीच कळलं नसतं. हेड थ्रेडमध्ये लिहितात, "4,350 परत करायला मंजुरी." आणि मूळ मेसेजवर `:manjur:` लावतात, म्हणजे थ्रेड न उघडताही ते दिसतं. ताई पैसे पाठवतात, बँकेचा व्यवहार क्रमांक थ्रेडमध्ये टाकतात, मग मूळ मेसेजवर ✅ लावतात. सपोर्टला थ्रेडमधल्या उत्तराची सूचना मिळते, ते ग्राहकाला कळवतात आणि त्या उत्तरावर 👍 देतात.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. ताईंनी ✅ लावताना 👀 काढले नाहीत. दोन्ही राहिले की काम कोणी केलं आणि ते झालं, ही नोंद मेसेजवरच राहते. आणि काम झाल्याचं थ्रेडमध्ये एक ओळ लिहूनच सांगितलं. रिअ‍ॅक्शनने चॅनल न वाचलेलं म्हणून ठळक होत नाही. ज्याच्या मेसेजवर ती दिली त्याला ती अ‍ॅक्टिव्हिटीत दिसते, बाकीच्यांना काहीच कळत नाही. जे कोणाला तरी कळायलाच हवं ते इमोजीवर सोडायचं नाही.

पाचवी पायरी: रोजचा झाडा

संध्याकाळी एका माणसाने, आठवड्याला पाळी बदलून, हे दोन शोध घ्यायचे. पहिला, घेतलेली पण न झालेली कामं:

```
in:#order-madat has::eyes: -has::white_check_mark:
```

दुसरा, कोणीच न घेतलेली:

```
in:#order-madat -has::eyes: -has::white_check_mark:
```

दुसऱ्या यादीत माहितीचे आणि बोलण्याचे मेसेजही येतात, त्यातून मागण्या डोळ्यांनी वेचाव्या लागतात. पहिली यादी मात्र नेमकी असते आणि खरं दुखणं तिच्यातच सापडतं: शिळे डोळे.

डोळे कधी लावले ते स्लॅक दाखवत नाही. पाच मिनिटांपूर्वीचे आणि पाच दिवसांपूर्वीचे सारखेच दिसतात. त्यातून ज्याने लावले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ते काढता येत नाहीत. माणूस रजेवर गेला तरी त्याचे डोळे तिथेच राहतात, आणि ते बघून बाकीचे कामाला हात लावत नाहीत. एका अर्थी न घेतलेल्या कामापेक्षा हे वाईट, कारण न घेतलेलं काम निदान उघडं दिसतं.

यावर दोन नियम पुरतात. डोळे लावले आणि त्याच दिवशी काम संपणार नसेल, तर जाण्याआधी थ्रेडमध्ये कधीपर्यंत होईल ते लिहायचं: "उद्या दुपारपर्यंत", "बँकेचं उत्तर आलं की". काम सोडायचं असेल तर डोळे काढायचे आणि तेही थ्रेडमध्ये लिहायचं, कारण डोळे काढल्याची सूचना कोणालाच जात नाही. रजेवर जाण्याआधी प्रत्येकाने स्वतःचा शोध घ्यावा:

```
hasmy::eyes: -has::white_check_mark:
```

समोर येईल त्यातलं एकेक कोणाकडे तरी सोपवावं आणि आपले डोळे काढावेत. आजारपणात एकदम कोणी गेलं, तर दुसऱ्याने थ्रेडमध्ये "आता माझ्याकडे" असं लिहून स्वतःचे डोळे लावावेत. एका मेसेजवर दोघांचे डोळे चालतात अशी ही एकच वेळ.

रिअ‍ॅक्शन लागली की आपोआप काहीतरी घडवायची सोयही स्लॅकच्या वर्कफ्लो बिल्डरमध्ये आहे, जसं ✅ लागली की कोणाला तरी मेसेज जाणं. पहिल्या महिन्यात त्याच्या नादी लागू नका. लोकांच्या हातात खुणा बसण्याआधी यंत्रणा जोडली, तर चुकून लागलेल्या प्रत्येक खुणेवर मेसेज उडतील आणि लोक खुणा लावायचंच टाळतील.

अजून एक मर्यादा ध्यानात ठेवा. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये 90 दिवसांपेक्षा जुने मेसेज दिसत नाहीत. ऑडिटला किंवा ग्राहकाच्या तक्रारीला लागेल अशी मंजुरी चॅनलमध्येच राहू देऊ नये. ती मेलवर किंवा तुमच्या हिशोबाच्या नोंदीत उतरवावी.

ऑफिस व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असेल तर

लहान ऑफिसं, क्लिनिकं, बांधकामाच्या साइट्स, शाळा यांची कामं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरच चालतात. तिथे रिअ‍ॅक्शन 2022 मध्ये आल्या. सुरुवातीला सहाच होत्या, मग कुठलीही इमोजी देता येऊ लागली. फरक असा की एका मेसेजवर एका माणसाची एकच रिअ‍ॅक्शन राहते, नवी दिली की जुनी जाते. म्हणजे 👀 नंतर ✅ दिली की डोळे आपोआप निघतात. कामाच्या टप्प्यांसाठी हे सोयीचंच आहे. पण मंजुरी देणारा आणि काम करणारा एकच असेल, तर त्याच्या दोन खुणा एका वेळी दिसणार नाहीत. शिवाय इमोजीवरून मेसेज शोधायची सोय नाही, त्यामुळे रोजचा झाडा घेता येत नाही.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 👍 आणि ✅ या दोनच खुणा ठेवा, आणि काम घेताना मूळ मेसेज धरून रिप्लायमध्ये नावासकट लिहा: "मी करतो, पाचपर्यंत." मंजुरीही शब्दांत. न झालेल्या कामांची यादी रोज संध्याकाळी एकाने ग्रुपवर टाकायची. इमोजीचं काम तिथे एवढंच, की "ओके सर"ची रांग लागू नये आणि साइटवर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला मुद्द्याचा मेसेज सापडावा.

महिनाभराने काय तपासायचं

पहिले आठ दिवस चुका होतील. चुकलेल्याला चॅनलवर सगळ्यांसमोर टोकू नका. त्याला वेगळा मेसेज करा: "त्या मेसेजवर अंगठा आहे, काम तू घेतलंयस का?" उत्तर हो असेल तर तो स्वतःच डोळे लावतो आणि पुढच्या वेळी सांगावं लागत नाही.

महिन्याने पहिल्या पायरीसारखेच दोन आठवड्यांचे मेसेज पुन्हा वाचा. जी खूण कोणी वापरलीच नाही ती काढून टाका. जिच्यावरून दोनदा गैरसमज झाला तिचं चित्र बदला, अर्थ बदलू नका. अर्थ बदलला तर जुन्या मेसेजवरच्या सगळ्या खुणा खोट्या ठरतात.

त्यानंतर टीममध्ये जो कोणी नवीन येईल त्याला पहिल्याच दिवशी चॅनलवरचे तीन जुने मेसेज दाखवा आणि विचारा: यातलं कुठलं काम झालंय, कुठलं कोणाकडे आहे, कुठलं मोकळं आहे? पिन केलेला मेसेज वाचून त्याला हे सांगता आलं तर ठीक. अडखळला, तर कुठल्या खुणेपाशी अडखळला ते विचारा आणि पिनमधली तेवढी ओळ त्याच्याकडूनच नव्याने लिहून घ्या.